‘बेस्ट रेट कळवा’ याला पहिले उत्तर काय द्यावे?

समजा, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याला गोव्याहून ईमेल येतो: ‘हॉटेलसाठी पांढरे टॉवेल हवेत, 5000 नग. बेस्ट रेट कळवा. अर्जंट.’ सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि तिथल्या कारखान्यांना असे निरोप नवे नाहीत. मोठी मागणी दिसली की हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो. आपण दर दिला नाही तर दुसरा कोणी देईल, या धास्तीने एक आकडा लिहून पाठवला जातो. बहुतेक वेळा पुढे काहीच घडत नाही. घडलेच तर भांडण होते, कारण विकणाऱ्याच्या मनातला टॉवेल आणि घेणाऱ्याच्या मनातला टॉवेल हे दोन वेगळे टॉवेल असतात. घाऊक मागणीच्या चौकशीला पहिले उत्तर पक्क्या दराचे असू नये. चौकशी मिळाल्याची पोच आणि मोजके प्रश्न हाच त्याचा गाभा असावा, असे माझे म्हणणे आहे. त्यात शिष्टाचाराचा भाग थोडा आहे आणि हिशेबाचा जास्त. वर दिलेल्या निरोपातून दर काढताच येत नाही, हे आकडे मांडून दाखवता येते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या अडचणीचा विचार त्याने फार पूर्वी केलेला आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 29 वे कलम सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल असतो. या कलमाखाली दिलेले पहिलेच उदाहरण शंभर टन तेलाच्या विक्रीचे आहे. कोणते तेल, हे दाखवणारे काहीच नसेल तर तो करार टिकत नाही. त्याच कलमातले आणखी एक उदाहरण विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असल्याचे आहे. तिथे शंभर टन तेल म्हणजे कोणते तेल, हे त्याच्या धंद्यावरूनच कळते, म्हणून करार टिकतो. ‘आमच्या धंद्यात सगळ्यांना सगळे माहीत असते, विचारायचे काय?’ असे म्हणणाऱ्यांना हे दुसरे उदाहरण आपल्या बाजूचे वाटेल. पण तो व्यापारी एकाच जातीचा माल विकतो, ही त्यातली अट आहे. टॉवेलचा कारखाना एकच टॉवेल विणत नाही. ‘5000 पांढरे टॉवेल’ ही मागणी शंभर टन तेलाच्या पहिल्या उदाहरणात बसते.

आता हिशेब करू. टेरी टॉवेलची किंमत मुख्यतः त्यात किती सूत गेले यावर ठरते, आणि सूत किती गेले हे दोन गोष्टींवरून कळते: टॉवेलचा आकार आणि त्याचे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. अंघोळीचा टॉवेल आपल्या बाजारात 27 बाय 54 इंचांचाही मिळतो आणि 30 बाय 60 इंचांचाही. पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे 0.94 चौरस मीटर आणि दुसऱ्याचे सुमारे 1.16 चौरस मीटर भरते. लहान टॉवेल 300 जीएसएमचा असेल तर त्याचे वजन सुमारे 282 ग्रॅम होते. मोठा टॉवेल 500 जीएसएमचा असेल तर ते सुमारे 581 ग्रॅमवर जाते. केवळ हिशेबासाठी तयार मालाचा दर किलोला 450 रुपये धरू. पहिला टॉवेल सुमारे 127 रुपयांना पडतो आणि दुसरा 261 रुपयांना. म्हणजे 5000 नगांचा एक व्यवहार साडेसहा लाखांच्या आतला आणि दुसरा तेरा लाखांच्या वरचा. दोन्ही टॉवेल पांढरे आहेत, दोन्ही हॉटेलांत चालतात आणि दोन्ही त्या एका ओळीत बसतात. अशा वेळी पाठवलेला दर बरोबर आला तर तो योगायोगच म्हणावा लागेल.

म्हणून पहिला प्रश्न मालाच्या वर्णनाचा. पण तो ‘स्पेसिफिकेशन कळवा’ अशा एका वाक्यात उरकला की उत्तरही ‘स्टँडर्ड’ या एका शब्दात येते. त्यापेक्षा उपयोगापासून सुरुवात करावी: टॉवेल खोलीतल्या पाहुण्यांसाठी आहे, जलतरण तलावाकाठी ठेवायचा आहे, की कर्मचाऱ्यांसाठी? या एका उत्तरातून बऱ्याच गोष्टी उलगडतात. खोलीतला पांढरा टॉवेल धुलाईत वारंवार क्लोरीनच्या ब्लीचला तोंड देतो, म्हणून त्याची काठावरची शिलाई आणि विणीची ताकद महत्त्वाची ठरते. तलावाकाठचा टॉवेल खोलीतल्या टॉवेलांत मिसळू नये म्हणून पुष्कळ हॉटेले तो रंगीत किंवा पट्ट्यांचा घेतात. मग ‘पांढरा’ या शब्दाचीच खात्री करून घ्यावी लागते. रंग हवा असेल तर कोणता रंग क्लोरीनसमोर टिकेल, हा प्रश्न येतो. सुतासाठी सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग ब्लीचमध्ये लवकर फिके पडतात. व्हॅट रंग त्यामानाने टिकतात, पण ते महाग असतात. घेणाऱ्याला या रंगांची नावे ठाऊक असण्याची गरज नाही. ‘धुलाईत क्लोरीन वापरता का?’ एवढे विचारले तरी कारखान्याला पुढचे कळते.

उपयोगानंतर आकार आणि वजन विचारावे, आणि तिथे मोजमापाची पद्धतही स्पष्ट करून घ्यावी. टेरी टॉवेल पहिल्या काही धुण्यांत थोडा आटतो. म्हणून 30 बाय 60 हे माप धुण्याआधीचे की धुतल्यानंतरचे, हे ठरवून घ्यावे लागते. जीएसएमचेही तसेच आहे. टॉवेलच्या काठाचा सपाट पट्टा लूप असलेल्या भागापेक्षा हलका असतो. मधल्या भागाचा तुकडा कापून मोजलेले जीएसएम आणि अख्ख्या नगाच्या वजनावरून काढलेले जीएसएम त्यामुळे जुळत नाहीत. त्यात भर हवेतल्या ओलाव्याची. कापसाचा धागा हवेतले पाणी शोषतो. वस्त्रोद्योगातल्या मोजमापात त्याच्यासाठी 8.5 टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोललेला टॉवेल गोव्याच्या पावसाळ्यात थोडा जड भरतो. उलटही होते, आणि तेव्हा तक्रार येते. यावर सोपा उपाय असा की वजन ‘प्रति नग इतके ग्रॅम, पाच टक्के कमी-जास्त’ असे विचारावे आणि तसेच लिहून घ्यावे.

इथे पहिला आक्षेप येतो. घेणाऱ्याला जीएसएम माहीत नसते, प्रश्नांनी तो गोंधळतो आणि निघून जातो. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय प्रश्न टाळणे हा नव्हे, प्रश्नाचे रूप बदलणे हा आहे. ‘जीएसएम किती?’ असे विचारण्याऐवजी दोन-तीन तयार पर्याय पुढे ठेवावेत: हलका व लवकर वाळणारा, मध्यम, आणि जाड व मऊ. प्रत्येकासमोर नगाचे वजन लिहावे. घेणारा स्वतःच्या वापरातला एखादा टॉवेल वजनकाट्यावर ठेवून उत्तर देऊ शकतो किंवा तोच नमुना म्हणून पाठवू शकतो. उपयोग विचारण्याला एक कायदेशीर बाजूही आहे आणि ती विकणाऱ्याने ओळखून असावी. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 16 वे कलम सांगते की घेणाऱ्याने आपला विशिष्ट उपयोग सांगितला, तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून राहिला आणि तसा माल पुरवणे हा विकणाऱ्याचा धंदाच असला, तर माल त्या उपयोगाला योग्य असला पाहिजे, ही अट करारात गृहीत धरली जाते. उपयोग विचारला की ही जबाबदारी आपल्या अंगावर येऊ शकते. म्हणून काही जण तो विचारतच नाहीत. मला ही सावधगिरी चुकीची वाटते. ‘हॉटेलसाठी’ हा शब्द चौकशीत आलेलाच आहे. न विचारल्याने तो पुसला जात नाही. विचारले तर निदान कशाची जबाबदारी घेतो आहोत हे नेमके कळते आणि जे पेलणार नाही ते आधीच नाकारता येते.

दुसरा प्रश्न संख्येचा. 5000 हा आकडा स्पष्ट दिसतो, पण त्यात निदान तीन वेगळे अर्थ दडलेले असू शकतात. एकाच प्रकारचे 5000 नग एकाच वेळी हवे असतील. 2000 अंघोळीचे, 2000 हात पुसायचे आणि 1000 पायपुसणी, अशी त्यांची विभागणी असेल. किंवा हा वर्षभराचा अंदाज असून पहिली ऑर्डर 500 नगांचीच असेल. कारखान्याच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी कामे आहेत. प्रत्येक प्रकारासाठी ताण्याचा बीम वेगळा भरावा लागतो, मागाची मांडणी बदलते आणि हॉटेलचे नाव विणून हवे असेल तर त्याच्या नक्षीचीही तयारी करावी लागते. या तयारीचा खर्च एका प्रकारामागे 20,000 रुपये धरला तर 5000 नगांवर तो नगामागे 4 रुपये येतो आणि 500 नगांवर 40 रुपये. 127 रुपयांच्या टॉवेलवर 40 रुपयांचा बोजा पडला की नफा संपतो आणि तोटा सुरू होतो. त्यामुळे ‘एकूण किती?’ एवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रकाराचे किती, पहिल्या खेपेला किती आणि पुढच्या खेपा केव्हा, असे विचारावे. वर्षाचा अंदाज दाखवून एका खेपेचा दर पाडून घेणे ही खरेदीतली जुनी युक्ती आहे. या प्रश्नाने ती कोणावरही आरोप न करता उघडी पडते.

संख्येच्या प्रश्नाला आणखी एक शेपूट आहे, ती म्हणजे कमी-जास्तीची मुभा. मागावर ठरल्या संख्येइतकेच नग उतरत नाहीत. काही दोषामुळे बाद होतात, म्हणून थोडे जास्त विणले जातात. मालविक्री कायद्याच्या 37 व्या कलमानुसार ठरल्यापेक्षा कमी माल आला तर घेणारा तो नाकारू शकतो. जास्त आला तर ठरला तेवढा ठेवून बाकीचा परत करू शकतो किंवा सगळाच नाकारू शकतो. धंद्यातली रूढी किंवा वेगळा करार असेल तर तो लागू होतो, अशी सोयही त्याच कलमात आहे. म्हणून चौकशीच्या टप्प्यावरच ‘दोन टक्के कमी-जास्त चालेल ना? बिल प्रत्यक्ष नगांवर होईल’ हे विचारून ठेवावे. हा प्रश्न माल तयार झाल्यावर विचारला तर ती विनवणी ठरते.

तिसरा प्रश्न माल कुठे पोचवायचा याचा. हा सर्वांत किरकोळ समजला जातो आणि नफा मात्र पुष्कळदा इथेच गळतो. कराराने काही ठरले नसेल तर विकलेला माल विक्रीच्या वेळी जिथे असेल तिथेच ताब्यात द्यायचा, असे मालविक्री कायद्याचे 36 वे कलम सांगते. म्हणजे काहीच बोलणे झाले नाही तर सोलापूरच्या गोदामातून माल उचलणे हे घेणाऱ्याचे काम ठरते. घेणारा मात्र ‘रेट’ या शब्दात माल आपल्या दारात पोचल्याचा दर वाचतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरी दोघांचे आकडे जुळत नाहीत. टॉवेल वजनाच्या मानाने जागा फार अडवतात. ट्रान्सपोर्टवाला पुष्कळदा वजनाऐवजी आकारमानावर भाडे लावतो, म्हणून गठ्ठे दाबून बांधायचे की नग सुटे पिशवीत घालून खोक्यात भरायचे, हेही भाड्याच्या हिशेबात येते. वरच्या उदाहरणातले मोठे टॉवेल घेतले तर 5000 नगांचे वजन सुमारे 2900 किलो होते. ते वेर्ण्याच्या एका गोदामात उतरवायचे असतील तर एक गाडी आणि एक बिल्टी पुरते. तेच टॉवेल पेडण्यापासून काणकोणापर्यंत बारा हॉटेलांत वाटायचे असतील तर शेवटच्या टप्प्याचे भाडे आणि बारा ठिकाणची हमाली मिळून खर्च कितीतरी वाढतो. म्हणून नेमका पत्ता आणि पिनकोड, ठिकाणे किती, गाडी दारापर्यंत जाते का, उतरवणी कोणाची आणि भाडे आधी भरायचे की टू-पे, एवढे विचारावे. बिल कोणत्या राज्यातल्या जीएसटी नोंदणीवर करायचे हेही याच वेळी विचारून घ्यावे, कारण बिलावर कोणता कर लावायचा हे त्यावर आणि माल कुठे जातो त्यावर ठरते.

चौथा प्रश्न अपेक्षित दराचा, आणि वाद सर्वांत जास्त त्याच्यावर होतो. ‘आपल्या मनात नगामागे काय दर आहे?’ असे विचारणे अनेकांना कमीपणाचे वाटते. घेणारा मुद्दाम खालचा आकडा सांगेल आणि बोलणी तिथूनच सुरू होतील, अशी भीतीही असते. ती निराधार नाही. पण या आकड्याचा खरा उपयोग घासाघीस करण्यात नसून मालाचे वर्णन तपासण्यात आहे, हे ध्यानात घेतले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. समजा, घेणारा म्हणाला, ‘दीडशे रुपये, पोच गोवा, जीएसटी वेगळा.’ भाडे आणि बांधणी नगामागे 6 रुपये धरली तर मालासाठी 144 रुपये उरतात. किलोला 450 च्या हिशेबाने त्यात 320 ग्रॅमचा टॉवेल बसतो. मोठ्या आकारात तो सुमारे 276 जीएसएमचा होईल आणि लहान आकारात 340 चा. पहिला टॉवेल मोठा पण विरळ, दुसरा लहान पण भरदार. आता विकणारा ‘परवडत नाही’ असे न म्हणता या किमतीत बसणारे दोन टॉवेल समोर ठेवू शकतो आणि निवड घेणाऱ्यावर सोडू शकतो. घेणाऱ्याने आधी मोठ्या आकारात 500 जीएसएम लिहिले असेल तर त्याच्या अपेक्षित मालात आणि अपेक्षित दरात सुमारे 260 ग्रॅम सुताची तफावत आहे, हेही इथेच कळते. ती तफावत घासाघीस करून भरून निघणारी नाही. जो पुरवठादार तेवढ्या दरात 500 जीएसएमला हो म्हणेल, तो वजन कुठेतरी कमी करणार, हेही घेणाऱ्याला यातून उमगते.

यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. एक म्हणजे हा प्रश्न शेवटी विचारावा. माल, संख्या आणि ठिकाण ठरण्याआधी सांगितलेल्या दराला काही अर्थ नसतो. दुसरे म्हणजे त्या दरात काय काय धरले आहे, हे त्याच श्वासात विचारावे. वरचे दीडशे रुपये जीएसटीसह असते तर 5 टक्के कर वजा जाता सुमारे 143 रुपये उरतात, त्यातून भाडे गेले की 137, आणि टॉवेल 304 ग्रॅमवर येतो. फक्त एका शब्दाने नगामागे 16 ग्रॅम सूत कमी झाले. पेमेंटच्या मुदतीचाही दरावर असाच परिणाम होतो. आगाऊ रकमेवरचा दर आणि साठ दिवसांच्या उधारीवरचा दर एक नसतो, म्हणून ती मुदत याच प्रश्नाला जोडावी.

मग ‘घेणारा जास्त द्यायला तयार असेल आणि आपण विचारून स्वतःचाच भाव पाडून घेतला तर?’ असा आक्षेप उरतो. असे कधीतरी होईल, हे मान्य करायला हवे. पण घाऊक खरेदी करणारा सहसा तीन-चार ठिकाणी विचारतो आणि बाजारभाव त्याला ढोबळ ठाऊक असतो. त्याच्या अज्ञानावर मिळालेला जास्तीचा नफा पहिल्या खेपेपुरताच टिकतो. उलट, आपल्या आवाक्याबाहेरच्या दराची अपेक्षा पहिल्याच दिवशी कळली तर नमुना विणण्याचा, कुरिअरचा आणि पंधरा दिवसांच्या बोलण्यांचा खर्च वाचतो. काही ठिकाणी मात्र हा प्रश्न विचारूच नये. सीलबंद निविदेत अपेक्षित दर विचारणे गैर आहे. तिथे फक्त मालाच्या वर्णनाबद्दलच्या शंका निविदेत दिलेल्या मुदतीत आणि तिथल्याच पद्धतीने विचारायच्या. एखाद्या मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग दर सांगणे धोरण म्हणून टाळतो. त्याने ‘तुम्हीच सांगा’ म्हटले तर पुन्हा न रेटता दोन पर्यायांचे दर द्यावेत.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगाचा आहे. घेणाऱ्याने ‘अर्जंट’ लिहिले आहे आणि आपण प्रश्नपत्रिका पाठवली, तर तो ज्याने दर दिला त्याच्याकडे जाणार. हे म्हणणे अर्धे खरे आहे. उत्तर त्याच दिवशी गेले पाहिजे, यात वाद नाही. पण लवकर उत्तर देणे आणि लवकर दर बांधून घेणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिल्या उत्तरातच गृहीत धरलेल्या गोष्टी लिहून दोन टोकांचे अंदाजे दर देता येतात. घेणाऱ्याला पट्टा कळतो आणि आपण एका आकड्याला बांधले जात नाही. मात्र ते अंदाजे आहेत हे शब्दांत लिहावे. हार्वे विरुद्ध फेसी या 1893 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिलेल्या खटल्यात घेणाऱ्याने तारेने एका मालमत्तेची किमान किंमत विचारली, समोरच्याने फक्त आकडा कळवला आणि घेणाऱ्याने ‘मंजूर’ म्हटले. नुसती किंमत सांगणे म्हणजे विकण्याचा प्रस्ताव नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. विकणाऱ्याला या निकालाचा दिलासा आहे, पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. ‘हा दर देऊ, ऑर्डर पाठवा’ असे लिहिले की ते नुसते किंमत सांगणे राहत नाही. पोच देतानाही ‘आपली ऑर्डर मिळाली’ असे लिहू नये. आलेली आहे ती चौकशी, आणि पोचही चौकशीचीच द्यावी.

हे सगळे एकत्र आणले तर गोव्याच्या त्या एका ओळीला उत्तर साधारण असे जाईल:

‘नमस्कार. हॉटेलसाठी 5000 पांढऱ्या टॉवेलांबद्दलची आपली चौकशी आज मिळाली, आभारी आहोत. नेमका दर देण्यासाठी चार गोष्टी कळवाव्यात. (1) टॉवेल खोलीसाठी की तलावाकाठी, आणि धुलाईत क्लोरीन वापरता का? आकार 27×54 की 30×60 इंच? नगाचे वजन किती? ते सांगता येत नसेल तर सध्याच्या एका टॉवेलचे ग्रॅममधले वजन कळवले तरी चालेल. (2) 5000 नग एकाच प्रकारचे व एकाच खेपेत हवेत का? पहिली खेप किती नगांची आणि कोणत्या तारखेपर्यंत? (3) माल एकाच गोदामात उतरवायचा की वेगवेगळ्या हॉटेलांत? पत्ता, पिनकोड आणि बिलासाठी जीएसटी क्रमांक कळवावा. (4) आपल्या मनात काही दर असल्यास तो जीएसटी आणि भाड्यासह की त्याशिवाय, आणि पेमेंट किती दिवसांत, हे सांगितल्यास त्यात बसणारे पर्याय सुचवू. तोवर अंदाजासाठी: 27×54, 300 जीएसएम सुमारे 125 ते 130 रुपये, आणि 30×60, 500 जीएसएम सुमारे 260 ते 265 रुपये. एकाच प्रकारचे 5000 नग, सोलापूर गोदाम, जीएसटी व भाडे वेगळे. हे दर केवळ अंदाजे आहेत. आपले उत्तर आल्यापासून एका कामाच्या दिवसात पक्के कोटेशन मुदतीसह पाठवू.’

या पत्रात जे नाही तेही पाहण्यासारखे आहे. शिलाईच्या दोऱ्याचा रंग, लेबलची जागा, खोक्यावरची छपाई यांतले काही विचारलेले नाही. प्रश्न निवडण्याची कसोटी एकच आहे: उत्तर बदलले तर दर किंवा तारीख लक्षात येण्याइतकी बदलते का? बदलत नसेल तर तो प्रश्न कोटेशन मंजूर झाल्यावर विचारावा. कंपनीचा इतिहास आणि मोठ्या ग्राहकांची यादीही इथे नाही, कारण घेणाऱ्याने ती मागितलेली नाही. त्याऐवजी त्याचेच म्हणणे पहिल्या वाक्यात परत मांडले आहे. समजण्यात चूक झाली असेल तर तो ती तिथेच दुरुस्त करू शकतो. प्रश्नांचा क्रमही ठरवून लावला आहे. उपयोगावरून वजन ठरते, वजन आणि संख्येवरून गाडी ठरते आणि या सगळ्यांनंतरच दराला अर्थ येतो. निर्यातीची चौकशी असेल तर हाच क्रम राहतो. फक्त ठिकाणाच्या प्रश्नात माल न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा दर हवा की परदेशातल्या बंदरापर्यंतचा, हे विचारावे लागते.

येणाऱ्या उत्तरावरूनही पुष्कळ कळते. चारही प्रश्नांची उत्तरे आली तर समोर खरा खरेदीदार आहे आणि कोटेशनवर वेळ घालवणे रास्त आहे. दोनच उत्तरे आली आणि बाकीचे ‘तुम्हीच सुचवा’ असे असेल तर तो नवखा आहे. त्याला वजन लिहिलेले दोन नमुने पाठवावेत, आणि मालविक्री कायद्याच्या 17 व्या कलमानुसार नमुन्यावर ठरलेल्या विक्रीत माल नमुन्याबरहुकूमच असावा लागतो, हे ध्यानात ठेवून तसाच एक नमुना सही करून आपल्याकडे ठेवावा. ‘ते सोडा, फायनल रेट सांगा’ एवढेच उत्तर आले तर तो बहुधा हातातल्या दुसऱ्या कोटेशनशी ताडून बघण्यासाठी आकडा शोधतो आहे. त्याला अंदाजे पट्टा गेलेलाच आहे. त्यापुढे त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

दर देण्याआधी विचारणे हा संकोच नव्हे आणि वेळकाढूपणाही नव्हे. नगामागे 127 आणि 261 रुपयांच्या मधली जागा त्या प्रश्नांनीच भरते. घाऊक माल विकणाऱ्याने हे चार प्रश्न विचारणारे उत्तर आपल्या मालापुरते एकदा नीट लिहून ठेवावे आणि चौकशी आली त्याच दिवशी पाठवावे. घेणाऱ्यांनीही ‘बेस्ट रेट कळवा’ लिहिण्याआधी उपयोग, वजन, खेप आणि पत्ता एवढे कळवले, तर हाती येणारे कोटेशन खरोखर तुलना करण्याजोगे असेल.